आजचे रुपये की त्या वर्षीचे रुपये? महागाईत प्रोजेक्टचा हिशेब आणि डिस्काउंट रेट

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंग मशीनिंगचं काम आहे. दोन व्हीएमसी मशीन फिक्स्चरसह घ्यायच्या आहेत, खर्च १ कोटी. आजच्या दराने वर्षाला ६०,००० नग, नगाला १२० रुपये, म्हणजे ७२ लाख जमा. पगार, वीज, टूलिंग वगैरे ४२ लाख खर्च. खेळतं भांडवल १० लाख. मुदत ५ वर्षं. आमच्या सीएंनी दरसाल ३० लाखच धरून १४ टक्क्यांनी काढलं, तर प्रोजेक्ट जवळपास १८ लाखांनी वजा येतो. भाच्याने महागाई ८% धरून दरवर्षी रक्कम वाढवली, १४ मधून ८ वजा करून ६% दर लावला, तर २८ लाखांनी अधिक येतो. महागाई धरायची की नाही? बरोबर कोण?

उत्तर: दोन्ही कागदांत एकच चूक आहे, फक्त उलट्या दिशेने. महागाई धरायची की नाही हा प्रश्न मागाहून येतो. वरच्या ओळीतले रुपये आणि खालचा दर, म्हणजे पुढच्या वर्षांची रक्कम आजच्या मूल्यात मागे आणणारा डिस्काउंट रेट, एकाच जातीचे आहेत का, हे आधी पाहायला हवं. तुमचा १४% दर महागाईसकट आहे, कारण बँक व्याज ठरवताना आणि तुम्ही स्वतःच्या पैशावर परताव्याची अपेक्षा ठेवताना पैशाची घसरण त्यात धरलेलीच असते. सीएंनी रक्कम आजच्या भावात ठेवली आणि दर महागाईसकट लावला, त्यामुळे महागाईचा फटका बसला पण तिची भरपाई कुठेच आली नाही. भाच्याने रक्कम महागाईने फुगवली आणि दरातून महागाई काढून टाकली, म्हणजे महागाईचा फायदा दोनदा घेतला.

एक गोष्ट आधीच सांगतो. शेवटचा निर्णय या दोन आकड्यांपैकी एक निवडून होणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचा दर महागाईबरोबर वाढतो का, यावर तो ठरेल. पण तिथे जाण्याआधी हिशेब सरळ करून घेऊ.

दोन रीती आहेत आणि दोन्ही चालतात. पहिल्या रीतीत प्रत्येक वर्षाची रक्कम त्या वर्षी प्रत्यक्ष हातात येतील तेवढ्या रुपयांत लिहायची आणि १४% दर लावायचा. याला नॉमिनल म्हणतात. दुसऱ्या रीतीत सगळं आजच्या भावात लिहायचं आणि दरातून महागाई काढायची, ही रिअल रीत. दरातून महागाई काढताना वजाबाकी नाही, भागाकार करायचा:

```
=(1+14%)/(1+8%)-1
```

उत्तर ५.५६% येतं, ६% नव्हे. तुमच्या रकमेवर हा फरक लाखभराचाच आहे, पण महागाई वाढते तसा तो फुगतो. दर ५०% आणि महागाई ४०% असेल तर वजाबाकी १०% सांगेल आणि खरा रिअल दर ७.१४% असेल. असे आकडे आपल्याकडे नाहीत, तरी सवय भागाकाराचीच ठेवा.

आता तुमचे आकडे घेऊ. कंपनीने कमी दराचा पर्याय घेतला असेल तर आयकर, अधिभार आणि सेस मिळून २५.१७% होतो, तोच धरतो. (भागीदारी संस्था असेल तर ३०% अधिक सेस धरून पुन्हा करा.) घसाऱ्याची सवलत बाजूला ठेवली तर ३० लाखांतून कर जाऊन २२.४५ लाख उरतात. नगाचा दर आणि खर्च दोन्ही ८ टक्क्यांनी वाढतात असं तूर्त समजू. मग प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम पहिल्या वर्षी २४.२५, मग २६.१९, २८.२८, ३०.५४ आणि पाचव्या वर्षी ३२.९९ लाख. १४ टक्क्यांनी मागे आणल्यावर त्या अनुक्रमे २१.२७, २०.१५, १९.०९, १८.०८ आणि १७.१३ होतात, बेरीज ९५.७२ लाख. दुसऱ्या रीतीने दरसाल २२.४५ ठेवून ५.५६% लावा, तीच ९५.७२ येते, आणि यायलाच हवी. दोन रीतींच्या उत्तरांत रुपयाचाही फरक पडला तर कुठेतरी एक ओळ चुकीच्या जातीच्या रुपयांत बसली आहे. हीच सगळ्यात उपयोगी तपासणी.

हीच २२.४५ ची रांग १४% दराने काढली तर ७७.०७ येते, आणि फुगवलेली रांग ५.५६% दराने काढली तर १२०.२९. मशीन तेच, नग तेवढेच, आणि फरक ४३ लाखांचा. तुमच्या घरातला वाद इथून निघाला आहे.

एक्सेलमध्ये करताना एवढं पाहा की `NPV` हे सूत्र पहिल्या रकमेलाही एक वर्ष मागे आणतं. म्हणून आज जाणारे पैसे त्याच्या बाहेर ठेवावे लागतात:

```
=B10+NPV(14%,C10:G10)
```

इथे B10 मध्ये आजचे वजा ११० लाख (मशीन १००, खेळतं भांडवल १०) येतील.

रिअल रीत कागदावर सुटसुटीत दिसते, पण आपल्याकडच्या प्रोजेक्टला मी नॉमिनलच करायला सांगतो. कारण दोन ओळी अशा आहेत की त्या मुळातच त्या वर्षीच्या रुपयांत असतात, आणि रिअल रीतीत त्या हमखास चुकतात.

पहिली घसाऱ्याची. आयकराचा घसारा मशीनच्या खरेदी किमतीवर मिळतो, आजच्या बाजारभावावर नाही. यंत्रसामग्रीच्या सर्वसाधारण गटाला १५%, तोही घटत्या शिल्लकीवर. १०० लाखांवर पहिल्या वर्षी १५, मग १२.७५, १०.८४, ९.२१, ७.८३ लाख. (मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी निम्माच मिळतो, म्हणून ते ऑक्टोबरच्या आधी चालू होतं की नंतर, हे पाहा.) यातून वाचणारा कर ३.७८, ३.२१, २.७३, २.३२ आणि १.९७ लाख. ही रक्कम महागाईने एक पैसाही वाढत नाही, म्हणून ती १४ टक्क्यांनीच मागे आणायची. येतात १०.०२ लाख. रिअल रीत वापरणारा माणूस हीच रांग आजच्या भावातली समजून ५.५६% लावतो आणि १२.१५ लाख लिहितो. २ लाखांचा खोटा फायदा तिथेच तयार झाला. रिअलच करायचं असेल तर ही रांग आधी १.०८, १.०८ चा वर्ग, अशी भागत आजच्या भावात आणावी लागते.

दुसरी ओळ खेळत्या भांडवलाची, आणि तिच्यात चूक जास्त मोठी होते. आज १० लाख घातले आणि पाचव्या वर्षी १० लाख परत आले, असं बहुतेक कागदांत असतं. पण बिलं ८ टक्क्यांनी वाढली की गिऱ्हाइकाकडे अडकलेली रक्कमही तेवढीच वाढते. नग तेवढेच असले तरी एका वर्षाने १०.८ लाख लागतात, मग ११.६६, १२.६०, १३.६०. म्हणजे दरवर्षी खिशातून आणखी ८० हजार ते १ लाख जातात आणि शेवटी १३.६० लाख मोकळे होतात. १४ टक्क्यांनी या सगळ्याची बेरीज वजा ५.५३ लाख. रिअल कागदात १० गेले, १० आले, ५.५६% लावला, तर ती वजा २.३७ दिसते. महागाईच्या काळात धंदा नफ्यात असून कॅश क्रेडिटची मर्यादा सतत टोकाला टेकलेली दिसते, त्याचं एक मोठं कारण ही ओळ आहे.

आता जुळवू. रिअल रीत वरवर करणाऱ्याचा कागद म्हणेल ९५.७२ अधिक १२.१५ वजा २.३७ वजा १००, म्हणजे साडेपाच लाख फायदा. नीट केलेला कागद म्हणेल ९५.७२ अधिक १०.०२ वजा ५.५३ वजा १००, म्हणजे २१ हजार. जवळजवळ शून्य. महागाई सगळ्या भावांना सारखीच लागली तरी प्रोजेक्टवर तिचा परिणाम शून्य नसतो, तो या दोन ओळींतून येतो.

पाच वर्षांनी मशीन विकून येणारी रक्कम मी मुद्दाम धरलेली नाही, म्हणजे तुलना स्वच्छ राहते. तुमच्या कागदात ती जरूर घाला, पण आजच्या जुन्या मशीनचा भाव घेऊन त्याला डोळे झाकून ८% लावू नका. जुन्या व्हीएमसीचा भाव कंट्रोलर किती जुना आहे आणि स्पिंडलची अवस्था काय आहे यावर ठरतो. विक्रीची रक्कम घसाऱ्याच्या गटातून वजा होते, त्यामुळे पुढची कर सवलतही कमी होते, हेही लक्षात ठेवा.

आता दराकडे. १४% कुठून आले हे तुम्ही लिहिलेलं नाही. समजा ६०% टर्म लोन १०.५% व्याजाने आणि ४०% स्वतःचे पैसे २३% अपेक्षेने. व्याजावरचा कर वाचतो म्हणून कर्जाचा खर्च ७.८६% पडतो, आणि दोन्हींची भारित सरासरी १३.९ येते. असं असेल तर १४ ठीक. मग मात्र वरच्या रांगेत व्याज किंवा हप्ता वजा करायचा नाही, तो खर्च दरात आलेला आहे. बँकेसाठी डीएससीआर, म्हणजे मिळकत हप्त्याला किती पटीने पुरते तो आकडा, काढताना हप्ता लागतो, तो वेगळा तक्ता करा आणि तो पूर्ण त्या वर्षीच्या रुपयांत करा, कारण हप्त्याला आजचा भाव ठाऊक नसतो.

दराची खरी अडचण अशी, की दरात दडलेली महागाई आणि तुम्ही रांगेत लावलेली महागाई एकच हवी. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४% आहे, वर-खाली २ टक्क्यांच्या पट्ट्यात. बँकेने आज तुम्हाला १०.५% सांगितलं तेव्हा तिच्या मनात पाच वर्षं ८% महागाई नसते. म्हणून आजच्या व्याजदराला ८ टक्क्यांनी फुगवलेली रांग जोडली की कागद आपोआप छान दिसू लागतो. ८% खरोखर टिकेल असं मानत असाल तर व्याजही वाढवून धरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मानक दराशी, बहुधा रेपोशी, बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा हे प्रत्येक कर्जदाराला जाणवलं. ते मान्य नसेल तर रांगेतली महागाई ५ टक्क्यांवर आणा. एक बाजू आजची आणि दुसरी भीतीची, असं करू नका.

दरातून काढायची महागाई सर्वसाधारण असावी, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकाची. स्क्रॅप किंवा पिग आयर्नच्या भावाची नव्हे. एप्रिल २०२१ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत घाऊक महागाई सलग दोन आकडी होती, आणि त्याच काळात किरकोळ महागाईचा सर्वोच्च आकडा एप्रिल २०२२ चा, ७.७९% होता. त्या वेळी कुणी १४ मधून घाऊक आकडा काढला असता तर त्याचा रिअल दर शून्याजवळ गेला असता आणि कुठलंही मशीन घ्यावंसं वाटलं असतं. पोलादाचा भाव पोलादाच्या ओळीत जातो, दरात नाही.

आता मूळ गोष्ट. आत्तापर्यंत दर आणि खर्च दोन्ही ८ टक्क्यांनी वाढतात असं धरलं. तुमच्या धंद्यात तसं होतं का? शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या बहुतेक फाउंड्रींचे मोठ्या गिऱ्हाइकांशी जे रेट करार असतात, त्यांत धातूच्या भावाची वाढ-घट ठरावीक काळाने दरात घेण्याची सोय असते. मशीनिंगच्या दरात ती सहसा नसते. तिथे पगार, वीज आणि इन्सर्टचा भाव वाढला की वाटाघाट करावी लागते, आणि एखादं गिऱ्हाईक उलट दरवर्षी थोडी सूट मागतं. वीजही सरळ रेषेत वाढत नाही, आयोगाचा आदेश आला की महावितरणचा दर एकदम बदलतो. म्हणून प्रत्येक ओळीला तिची स्वतःची वाढ द्यायची आणि १४% दर तसाच ठेवायचा. या कामासाठी रिअल रीत अगदीच गैरसोयीची आहे.

समजा खर्च ८ टक्क्यांनी वाढतो आणि नगाचा दर ५ टक्क्यांनी. पहिल्या वर्षी जमा ७५.६०, खर्च ४५.३६, शिल्लक ३०.२४ लाख. पाचव्या वर्षी जमा ९१.८९, खर्च ६१.७१, शिल्लक ३०.१८. मधली तीन वर्षंही ३० आणि साडेतीसच्या दरम्यान. म्हणजे उलाढाल दरवर्षी वाढताना दिसते आणि हातात मात्र ३० लाखच राहतात. कर वजा करून १४ टक्क्यांनी याचे ७७.९१ लाख होतात. घसाऱ्याचे १०.०२ मिळवले, खेळत्या भांडवलाचे ५.५३ वजा केले (दर ५ टक्क्यांनी वाढल्यास हे थोडं कमी लागेल, तूर्त तसंच ठेवतो), तर प्रोजेक्ट साडेसतरा लाखांनी वजा.

सीएंचा आकडाही जवळजवळ हाच आहे. त्यांची रीत चुकीची होती, पण दरसाल ३० लाख धरून १४% लावणं म्हणजे नकळत असं म्हणणं की तुमचा दर महागाईला पुरा पडणार नाही. ते खरं असू शकतं. मात्र ते गृहीतक कागदावर उघड लिहिलं पाहिजे, म्हणजे त्यावर बोलता येतं. त्यांना भेटाल तेव्हा चूक दाखवायला जाऊ नका, एवढंच विचारा: "साहेब, नगाचा दर महागाईला पुरा पडणार नाही असं आपण का धरलं?" भाच्याच्या कागदाला मात्र असा आधार मिळत नाही. कुठल्याही समजुतीने फुगवलेली रांग ६ टक्क्यांवर बसत नाही. शिवाय त्याने खेळतं भांडवल १० चं १० च ठेवलंय का, तेही पाहा.

दराची वाढ किती नाजूक आहे तेही पाहा. खर्च ८% वाढताना नगाचा दर ८ ऐवजी ७ टक्क्यांनी वाढला, तर २१ हजारांचा फायदा सुमारे ६ लाखांच्या तोट्यात जातो. दर एक टक्क्याला साधारण ६ लाख. डिस्काउंट रेट १४ की साडेतेरा यावर तास घालवण्यापेक्षा हा एक टक्का नक्की करणं जास्त मोलाचं आहे. मागच्या तीन-चार वर्षांच्या परचेस ऑर्डर आणि सुधारित ऑर्डर काढा, त्याच पार्टचा मशीनिंग दर कोणत्या तारखेला किती झाला ते लिहा. त्याशेजारी पगारपत्रक आणि वीजबिलातला प्रत्यक्ष युनिट दर लिहा. तुमच्या धंद्याची वाढ त्यातून निघेल, वर्तमानपत्रातल्या महागाईतून नाही.

आणि गिऱ्हाइकाशी बोलायला एक आकडा हातात ठेवा. नगाचा दर वर्षाला ५ टक्क्यांनीच वाढणार असेल, तर साडेसतरा लाखांची तूट भरून काढायला करापूर्वी सुमारे साडेतेवीस लाखांचं आजचं मूल्य लागतं. पाच वर्षांवर पसरलं तर ते आजच्या दराने वर्षाला ६ लाख होतं, म्हणजे ६०,००० नगांवर नगामागे १० रुपये. तेव्हा सुरुवातीचा दर १२० नव्हे, १३० मागायचा. ते मान्य नसेल तर १२० ठेवा, पण करारात मशीनिंगच्या दरासाठी वर्षातून एकदा फेरआढावा लिहून घ्या, आणि तो कशाशी बांधलेला आहे तेही लिहा. किमान वेतनाचा विशेष भत्ता राज्यात सहा महिन्यांनी जाहीर होतो, महावितरणचा दर छापील असतो, दोन्ही आकडे गिऱ्हाईक स्वतः तपासू शकतं. दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही, तर मशीन विकून येणारी रक्कम घालून कागद पुन्हा करा. तरीही वजा आला तर या पार्टसाठी या दोन व्हीएमसी घेऊ नका.